सगळे 'टेप' एकाच गठ्ठ्यात गेले तेव्हा

यूएक्समध्ये, म्हणजे वेबसाइट लोकांना वापरायला सोपी करायच्या कामात, नवीन होतो तेव्हा एका हार्डवेअर दुकानाच्या वेबसाइटचा मेनू सुटसुटीत करायचं काम आलं. त्यासाठी वस्तूंची नावं कार्डांवर लिहून लोकांकडून त्यांचे गठ्ठे लावून घ्यायचे होते. प्रॉडक्ट हजारो, कार्डं काही हजार करता येत नाहीत, लोक अर्ध्यात कंटाळतात, म्हणून प्रत्येक प्रकारातला एखाद-दुसरा नमुना घेऊन ४५ कार्डं केली आणि २० जणांना सांगितलं की जे एकत्र असायला हवं वाटतं ते एकत्र लावा आणि गठ्ठ्याला नाव पण तुम्हीच द्या. याला ओपन कार्ड सॉर्ट म्हणतात.

निकाल बघून मी जाम खूश. टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, मास्किंग टेप आणि मेजर टेप, बहुतेकांनी एकाच गठ्ठ्यात टाकलेले, म्हटलं चला 'टेप' नावाची कॅटेगरी पक्की! सिनियरने एकच विचारलं, नळ गळतोय तो माणूस 'टेप'मध्ये जाईल का रे? तेव्हा ट्यूब पेटली, लोकांनी वस्तू लावल्याच नव्हत्या, कार्डावरचा शब्द जुळवला होता. मग नावं बदलली, 'नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी पट्टी', 'वायरच्या जोडावर लावायची चिकटपट्टी' असं, आणि नवीन लोकांकडून परत करून घेतलं (जुन्यांकडून नको, त्यांना आधीचे गठ्ठे आठवतात). आता पहिली प्लंबिंगकडे गेली, दुसरी इलेक्ट्रिककडे. कुठली दोन कार्डं किती जणांनी एकत्र ठेवली याचा तक्ता निघतो, त्यात एखादी जोडी फारच घट्ट दिसली तर आधी बघायचं की दोन्ही नावांत एकच शब्द तर नाही ना.

पण गठ्ठे बरोबर आले म्हणजे मेनूवरची नावं पण चालतील असं नाही, त्यासाठी ट्री टेस्ट. डिझाइन, फोटो, सर्च काही नाही, नुसता शब्दांचा मेनू आणि एक काम. आमचं काम होतं 'भिंतीला आरसा टांगायचाय, लागणारं सामान कुठे मिळेल'. कामात 'स्क्रू' शब्द मुद्दाम टाळला, नाहीतर लोक पुन्हा शब्दच शोधणार. मेनूत 'फास्टनर्स' लिहिलेलं, दुकानवाल्यांचा आवडता शब्द, पण बरेच जण आधी 'टूल्स'मध्ये शिरले, मग 'होम डेकोर', मग मागे फिरून शेवटी सापडलं. शेवटी सापडलं म्हणून टेस्टच्या सॉफ्टवेअरने ते यश धरलं, त्यामुळे नुसता यशाचा आकडा बघू नका, मागे न फिरता थेट किती जण पोचले आणि पहिला क्लिक कुठे पडला ते बघा. 'स्क्रू, खिळे, नट-बोल्ट' असं लांबडं नाव दिल्यावर पहिला क्लिक तिथेच पडायला लागला. डिझायनरला ते लांब वाटत होतं, वाटू दे.

भिंतीतल्या भोकात स्क्रू घट्ट धरणारा वॉल प्लग मात्र शेवटपर्यंत भांडत राहिला, निम्मे 'स्क्रू'मध्ये शोधायचे तर निम्मे 'ड्रिल'मध्ये. अशा वस्तूला एकच घर शोधत बसलो नाही, मूळ जागा स्क्रूमध्ये आणि ड्रिल बिटच्या पानावरून लिंक दिली. पण हे मोजक्याच वस्तूंना करा, सगळंच दोन ठिकाणी टाकलं की मेनू परत पहिल्याएवढा फुगतो.