नव्या बियाण्याची कथा लिहिताना या चुका टाळा

तरुण कृषी विस्तार अधिकारी गावात येतो, नव्या वाणाची शिफारस करतो, गावातला वयोवृद्ध शेतकरी त्याला नकार देतो आणि शेवटी राजी होतो, असे कथानक घेऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु यातल्या बहुतेक कथा भाषेमुळे नव्हे, तर शेतातल्या व्यवहाराच्या अज्ञानामुळे फसतात. या लेखात पावसाळ्यात पेरल्या जाणाऱ्या ज्वारीचे एकच उदाहरण घेऊन त्या चुका पाहू. कथेतल्या वृद्धाला आपण आबा म्हणू. ते वर्षानुवर्षे उंच वाढणारे, उशिरा पिकणारे स्थानिक वाण पेरत आले आहेत आणि अधिकाऱ्याने आणलेले वाण बुटके, लवकर पिकणारे व अधिक दाणे देणारे आहे.

आबांची शंका म्हणजे हट्ट, असे गृहीत धरणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि तिच्यातूनच बाकीच्या चुका जन्माला येतात. लेखक आबांच्या तोंडी "आमच्या वाडवडिलांनी हेच पेरलं" एवढे एक वाक्य घालतो आणि शंकेचा विषय तिथेच संपवतो. वास्तविक वाडवडिलांनी ते वाण का राखले, याला ठोस कारण असते. उंच स्थानिक ज्वारीची अनेक वाणे दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोऱ्यावर येतात. पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी त्यांचे दाणे बहुधा पाऊस थांबल्यानंतरच्या कोरड्या दिवसांत पक्व होतात. लवकर पिकणाऱ्या वाणाचा दाणा मात्र पाऊस चालू असतानाच भरू शकतो आणि त्या ओलाव्यात कणसावर बुरशी येऊन दाणे काळे पडतात. शिवाय बुटक्या ताटांपासून कडबा कमी मिळतो, आणि गावात एकटेच शेत आधी पिकले तर परिसरातील सगळी पाखरे त्याच शेतावर उतरतात.

आता आबांना पुन्हा बोलू द्या. "साहेब, तुमचं कणीस मोठं आहे, हे मला दिसतंय. पण ते भरेल तेव्हा पाऊस गेलेला असेल का, एवढंच सांगा." या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर अधिकाऱ्याकडे नाही आणि कथेला खरी सुरुवात इथे होते, कारण दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. हस्तलिखितात ही चूक आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी रीत अशी की, ज्वारीच्या जागी गहू किंवा भात हा शब्द घालून कथा पुन्हा वाचावी. एकही संवाद बदलावा लागला नाही, तर आबांची शंका लेखकाला कळलेलीच नाही, असे समजावे.

भाषणाने मन वळवणे

दुसऱ्या चुकीत अधिकारी पारावर उभा राहून उत्पादनाचे आकडे सांगतो आणि आबांचे डोळे उघडतात. तो चिखलात पाय घालतो, नांगर हाती धरतो आणि म्हणून आबा विरघळतात, ही याच चुकीची भावुक आवृत्ती होय; असे प्रसंग मला आता वाचवत नाहीत. माणूस भला आहे, एवढ्यावरून त्याचे बियाणे चांगले ठरत नाही, हे आबांना पक्के ठाऊक असते.

भाषणाच्या जागी काहीतरी मोजण्याचा प्रसंग घाला. उगवणक्षमतेची चाचणी कोणत्याही घरात होऊ शकते: पिशवीतून निवड न करता शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि गोणपाट वाळू द्यायचे नाही. ज्वारीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी करता येते, तर अखेरची मोजणी दहाव्या दिवशी करतात. आबांनी आपल्या घरच्या बियाण्याचेही शंभर दाणे शेजारी मांडावेत आणि मोजणी त्यांनी स्वतःच्या हाताने करावी. अधिकाऱ्याने त्या वेळी गप्प राहणे हे लेखकाला जड जाते. तरीही त्याला गप्पच ठेवा.

प्रयोगाचे शेत चुकीचे मांडणे

आबा एका तुकड्यापुरते राजी झाले की, लेखक घाईने सुगीवर येतो आणि तिथे भरघोस पीक उभे करतो. जाणकार वाचक मात्र मधल्या काळाविषयी प्रश्न विचारतो. नवा तुकडा विहिरीजवळच्या भारी जमिनीत होता का? त्याला खत जास्त मिळाले का? तसे असेल तर अधिक पीक वाणामुळे आले की जमिनीमुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि आबांना तर ते सर्वांत आधी कळेल. म्हणून दोन्ही वाणे एकाच शेतात शेजारीशेजारी, एकाच दिवशी, सारख्या खतावर पेरलेली दाखवा.

एकाच दिवशी पेरण्याचे महत्त्व कथेलाही उपयोगी पडते. समजा, बियाणे वेळेवर पोहोचले नाही आणि नवा तुकडा दहा-बारा दिवस उशिरा पेरला गेला, तर कोवळ्या रोपांवर खोडमाशीचा प्रादुर्भाव वाढतो, मधला पोंगा वाळतो आणि हलक्या हाताने ओढताच उपटून येतो. गाव म्हणेल, बियाणे वाईट. दोष मात्र उशिराचा आहे. हा पेच कथेत आणायचा असेल, तर वाळलेला पोंगा आबांच्या हातात द्या. कारणही त्यांनाच ओळखू द्या, कारण उशिराच्या पेरणीचे नुकसान त्यांनी आधी पाहिलेले असणार.

सुगीचा हिशेबही नीट हवा. ओळीत पेरलेल्या पिकात फार लहान चौकोन कापला तर त्यात ओळी कमीजास्त येतात आणि अंदाज चुकतो. म्हणून बांधाकडेच्या ओळी सोडून पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असा चौकोन दोन्ही वाणांत कापावा, मळावा, वाळवावा आणि मगच तोलावा. समजा, नव्या वाणाचे साडेसहा किलो दाणे भरले आणि जुन्याचे पावणेचार. इथे टाळ्या वाजवून कथा संपवू नका. पक्वतेच्या वेळी चार दिवस पाऊस झाला होता आणि नव्या वाणातले सव्वादोन किलो दाणे काळे निघाले, असे लिहा. मग चांगल्या दाण्यांतला फरक जेमतेम अर्ध्या किलोचा उरतो आणि आबा विचारतात, "अर्ध्या किलोसाठी माझा कडबा घालवू का?"

संपूर्ण विजयाचा शेवट

पुढच्या वर्षी सारे गाव नवे बियाणे पेरते, हा शेवट खोटा वाटतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. त्यात २५९ शेतकऱ्यांची माहिती होती. अनेकांना बियाण्याची वार्ता प्रथम विक्रेत्यांकडून मिळाली होती, पण ते पेरण्याच्या निर्णयावर शेजाऱ्यांचा प्रभाव अधिक होता. आणि बहुतेकांनी आधी थोड्या क्षेत्रावर पेरून पाहिल्यानंतरच ते पुढे वाढवले होते.

म्हणून आबांचा होकार अर्धवट ठेवा आणि त्याला त्यांचे स्वतःचे कारण द्या. त्यांच्या वरच्या अंगाला उथळ मातीचे शेत आहे. तिथे पाऊस संपताच ओल जाते आणि उशिरा पिकणाऱ्या जुन्या ज्वारीचा दाणा भरण्याआधीच ताटे सुकतात. लवकर पिकणारे वाण तिथे ओल असतानाच हाती येईल, ही गोष्ट अधिकाऱ्याच्या ध्यानात आलेली नाही. आबा त्याला म्हणतात, "खालच्या शेतात माझीच ज्वारी राहील. वरच्या तुकड्यापुरतं बी ठेवून जा, आणि या खेपेला पेरणीच्या आधी आण."