तज्ज्ञाची मुलाखत झाली, पण कॅरोसेल जमत नाही? या चुका टाळा

दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते: सर अर्धा तास बोलले, छान बोलले, पण रेकॉर्डिंग उतरवून काढल्यावर त्यातून कॅरोसेलच्या, म्हणजे सोशल मीडियावर एकेक स्लाइड सरकवत वाचायच्या पोस्टच्या, आठ स्लाइडसुद्धा निघेनात. अशा वेळी दोष बहुधा प्रश्नांत असतो. कॅरोसेलचे मुद्दे उतरवलेल्या मजकुरात शोधून सापडत नाहीत, ते मुलाखत चालू असतानाच काढून घ्यावे लागतात. हे कसं करायचं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, तुम्ही नागपूरच्या एका संत्रा सल्लागारासाठी लिहिता. आठवड्यातले चार दिवस ते काटोल, नरखेड, वरुडच्या बागांत असतात. तुमच्या वाट्याला येतात पंचवीस मिनिटं, तीही गाडीत, ड्रायव्हर चालवत असताना.

पहिली चूक: विषय विचारणं

"संत्र्याच्या बागेची काळजी कशी घ्यावी, पाच टिप्स सांगा ना सर." असं विचारलं की तज्ज्ञ मनातल्या मनात व्याख्यान उघडतो. पाणी व्यवस्थापन, खत व्यवस्थापन, रोग व्यवस्थापन. सगळं बरोबर असतं, पण कोणाच्याही नावावर खपेल असं असतं.

त्याऐवजी ताजं प्रकरण विचारा: "सर, या आठवड्यात एखाद्या शेतकऱ्यानं सांगितलेलं निदान तुम्ही बदललं, असं झालं का?" या प्रश्नाला माणूस आठवून बोलतो, आणि आठवताना त्याची स्वतःची भाषा येते. उत्तर साधारण असं मिळेल:

"हो ना. काय होते, शेतकरी म्हणतो झाड पिवळं पडलं, खत सांगा. आता मुळीच सडली असन तर खत जाईन कुठं? मी आधी बुंध्याजवळची माती उकरायला लावतो. कलमाचा जोड मातीत गेलेला असते, पाणी बुंध्याला लागून असते. मलम लावतात लोक, पण पाणी तसंच सोडतात."

या सहा-सात वाक्यांत अख्खा कॅरोसेल आहे. फक्त तो अजून अर्धवट आहे.

दुसरी चूक: चांगलं उत्तर मिळालं म्हणून पुढच्या प्रश्नाकडे जाणं

सगळ्यात जास्त माल इथे वाया जातो. वेळ कमी आहे म्हणून आपण यादीतला पुढचा प्रश्न विचारतो आणि शेवटी हातात पाच अर्धवट मुद्दे उरतात. पंचवीस मिनिटांत एकच प्रकरण खणा. वरच्या उत्तराला लगेच तीन प्रश्न जोडायचे.

पहिला, खुणेचा: "उकरल्यावर नेमकं काय दिसलं की तुम्ही मूळकूज म्हणता?" उत्तर येतं, "बारीक मुळी बोटानं ओढून पाहा. साल सुटून हातात येते, आत दोऱ्यासारखा गाभा राहते." हे वाचणाऱ्याला उद्या बागेत करून बघता येतं, म्हणून ती स्वतंत्र स्लाइड.

दुसरा, अपवादाचा: "कुठल्या पिवळ्या झाडाला हे लागू नाही?" उत्तर: "नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, आणि मुळी पांढरी घट्ट असन, तर ती जस्त-लोहाची कमतरता." हा प्रश्न बहुतेक लेखक विचारत नाहीत. अपवादाची स्लाइड नसली की जाणकार वाचक खाली नेमकं तेच लिहितो, आणि अवघडतो तज्ज्ञ.

तिसरा, क्रमाचा: "मग सगळ्यात आधी काय करायला सांगता?" सर म्हणतात, आधी पाणी तोडा, दुहेरी आळं करा म्हणजे पाणी बुंध्याला लागणार नाही, मग मलम. क्रम त्यांच्या तोंडून घ्या, स्वतः लावू नका. आपल्याला मलम महत्त्वाचं वाटतं, त्यांना पाणी.

तिसरी चूक: आकडे चालत्या गाडीत घेणं

आठवणी आणि मतं गाडीत छान मिळतात, प्रमाणं मिळत नाहीत. रस्त्याचा आवाज असतो, आणि बोलणारा तोंडी संक्षेप वापरतो. "बोर्डो एक-एक लावा" असं ऐकू आलं, तर ते काय? खोडाला लावायचा बोर्डो मलम म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी. फवारणीचं एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे तेच 1 किलो आणि 1 किलो, पण पाणी 100 लिटर. पाण्याचा आकडा ऐकू आला नाही आणि तुम्ही इंटरनेटवरून भरला, तर दहापट चूक सरांच्या नावाने छापली जाईल.

म्हणून बोलताना आकडा आला की फक्त वेळ टिपून ठेवा, बोलणं तोडू नका. नंतर व्हॉट्सॲपवर लिहून विचारा: "खोडाच्या मलमाला मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. बरोबर?" उत्तरही लेखी घ्या.

चौथी चूक: बोलण्याच्या क्रमाने स्लाइड पाडणं

बोलणारा पार्श्वभूमीपासून सुरू करतो, जोरकस वाक्य मधेच कुठेतरी येतं. ते उचलून पुढे आणा. या प्रकरणाचा सांगाडा असा होईल:

1. झाड पिवळं पडलं? खताआधी माती उकरा.
2. मुळीच सडली असेल, तर खत जाईल कुठं?
3. बारीक मुळी ओढा. साल सुटली तर मूळकूज.
4. कलमाचा जोड मातीत आहे का, पाहा.
5. आधी पाणी तोडा: दुहेरी आळं.
6. मग मलम, प्रमाणासकट.
7. शिरा हिरव्या, मुळी घट्ट? तर हा इलाज नाही.

शीर्षकाखाली दोन ओळी, जास्तीत जास्त पंचवीस शब्द. एखादा मुद्दा त्यात मावत नसेल, तर बहुधा ते दोन मुद्दे असतात.

पाचवी चूक: भाषा धुऊन काढणं

"मुळांचे आरोग्य राखणे अत्यंत आवश्यक आहे" हे वाक्य सरांनी जन्मात म्हटलेलं नसतं. दुसऱ्या स्लाइडवरचा प्रश्न त्यांचा आहे, तो तसाच ठेवा. "असन", "जाईन" ही रूपं ठेवायची की नाही, हे मात्र सरांनाच एकदा विचारून ठरवा. काहींना लेखी प्रमाण भाषाच हवी असते. तशी हवी असेल तर रूपं बदला, पण वाक्याची ठेवण आणि "मुळी", "बुंधा", "आळं" हे शब्द हलवू नका.

सहावी चूक: "सर, एकदा बघून घ्या" म्हणून तयार पीडीएफ पाठवणं

त्यावर "संध्याकाळी बघतो" येतं आणि विषय तिथेच थांबतो. डिझाइन करण्याआधी साधा मजकूर पाठवा, आणि त्याखाली एका ओळीत उत्तर देता येईल असे तीनच प्रश्न: आकडे बरोबर? अपवाद बरोबर? यातलं कुठलं वाक्य तुम्ही असं म्हणणार नाही? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर हमखास येतं. त्यांनी खोडलेला शब्द आणि त्याजागी सुचवलेला शब्द एका फाइलमध्ये शेजारी शेजारी लिहून ठेवा, आणि पुढचा मसुदा पाठवण्याआधी त्या फाइलशी ताडून पाहा.