माझ्या टू-डी एकोचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळ

चि. अमेय, अनेक आशीर्वाद.

माझ्या टू-डी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट पाहून तू घाबरलास आणि तुझ्या मामाने माझं अभिनंदन केलं. दोघांनीही तो चुकीचा वाचला, म्हणून सविस्तर लिहितो.

ईएफ म्हणजे भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं ते. 'ईएफ ५५ टक्के' म्हणजे हृदय निम्म्या ताकदीने चालतंय, असं धरू नकोस. डावा खालचा कप्पा भरला तेव्हा त्यात १२० मिलिलिटर रक्त होतं असं समज. एका ठोक्यात ६६ बाहेर गेलं, ५४ आत राहिलं. ६६ भागिले १२०, म्हणजे ५५ टक्के. निरोगी हृदयही पूर्ण रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० नॉर्मल. हे परीक्षेचे मार्क नव्हेत. गेल्या वर्षीचे ६० यंदा ५५ झाले, तरी तेवढ्यावरून घसरण ठरत नाही. पडद्यावर कप्प्याची कड आखून हा आकडा काढतात, त्यामुळे एवढा फरक मोजण्यातही पडतो.

मामाची चूक जास्त घातक. ईएफ चांगलं, म्हणजे ब्लॉकेज नाही! शाळेतल्या माझ्या एका सहकाऱ्यांनी हेच केलं. स्टेशनचा पूल चढताना त्यांच्या छातीत दाटायचं, थांबलं की बरं वाटायचं. एको काढला, ईएफ ६० आलं. फाईल कपाटात गेली आणि दाटणं 'गॅस' ठरलं. डॉक्टरांना पुलाचं सांगितलंच नव्हतं. पुढे त्रास बसल्याबसल्या होऊ लागला, तेव्हा अँजिओग्राफी झाली. दोन धमन्या चांगल्याच अरुंद निघाल्या. साधा एको आपण निवांत पडलेलो असताना काढतात. त्या वेळी अरुंद धमनीतूनही पुरेसं रक्त पोचू शकतं. तूट पडते ती श्रमात. एकोत हृदयाच्या भिंती आणि झडपा दिसतात. धमन्या आतून किती अरुंद झाल्यात, हे त्यात कळत नाही. त्यासाठी स्ट्रेस टेस्ट, सीटी किंवा नेहमीची अँजिओग्राफी, जे डॉक्टर ठरवतील ते. एका कागदावर सगळं उरकण्याची घाई मला पटत नाही.

'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन' वाचून तू इंटरनेटवर थेट हार्ट फेल्युअरपर्यंत पोचलास. माझ्या वयात आणि माझ्यासारख्या बीपीवाल्यांत हे सर्रास आढळतं. भिंत थोडी ताठर झाल्याने ठोक्यानंतर सैल व्हायला वेळ घेते. त्यावर मी करायचं ते बीपी आटोक्यात ठेवणं.

'ट्रिव्हियल एमआर' म्हणजे झडपेतून किंचित रक्त मागे येतं. निरोगी माणसांतही दिसतं, सोडून दे.

आणि लक्षणं न विचारता नुसता रिपोर्टचा फोटो ओळखीच्या डॉक्टरांना पाठवू नकोस. मी फाईलवर त्या दिवसाचं बीपी, गोळ्या आणि त्रास पेन्सिलीने लिहून ठेवतो. या वेळी लिहिलंय: बीपी १३४/८२, दोन जिने चढून धाप नाही, छातीत दाटत नाही, पायांना सूज नाही. पाठवायचाच तर हा मजकूरही सोबत पाठव.

तुझा,
बाबा