पहिला पगार आलाय? टर्म आणि हेल्थ इन्शुरन्स एकच समजू नका

मावसभाऊ 24 वर्षांचा, नवीन नोकरी. म्हणे "दादा, टर्म घेतलाय, आता हॉस्पिटलचं टेन्शन नाही." अरे बाबा, टर्मचे पैसे तू गेल्यावर घरच्यांना मिळतात, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला त्यातून रुपया येत नाही.

त्याला हिशोब मांडून दिला, आकडे अंदाजे धरलेत. 1 कोटीच्या टर्मला वर्षाला 10 हजार धर, हप्ता शेवटपर्यंत तोच, 60 पर्यंत 36 वर्षं म्हणजे 3.6 लाख, आणि जिवंत राहिलास तर साध्या प्लॅनमध्ये परत काही नाही. 5 लाखाच्या हेल्थला 7 हजार धर, पण हा वयाप्रमाणे वाढत जातो, आणि बिल जेवढं तेवढंच मिळतं, तेही अटींत बसलं तर.

खरी गोची रूम रेंटची. पॉलिसीत दिवसाला 5 हजारची मर्यादा आहे आणि तू 8 हजारची रूम घेतलीस, 4 दिवस. रूमचे 32 हजारातले 20 मिळतील, पण सर्जन-ओटीचे 80 हजार पण त्याच 5/8 प्रमाणात कापून 50 हजारच. औषधांचे 20 हजार पूर्ण. म्हणजे 1 लाख 32 हजारातले 42 हजार खिशातून! म्हणून घेताना रूम रेंटची मर्यादा नसलेलीच बघ, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

आईवडील तुझ्या पगारावर नसतील तर टर्म थांबू शकतो. हेल्थ आधी, कंपनीचा कव्हर नोकरीबरोबरच जातो.