दोन्ही संहती बदलल्या असतील तर ऑर्डर कशी काढावी?

कोल्हापुरात राजारामपुरीत बारावीची शिकवणी घेताना दरवर्षी हेच होतं. आरंभीच्या दरांचं कोष्टक दिलं की मुलं एका पदार्थाची संहती सारखी असलेल्या दोन ओळी शोधतात. अशी जोडी दोन्ही पदार्थांसाठी सापडली नाही, की पेन खाली ठेवतात. खरं तर एका पदार्थासाठी सापडली तरी पुरते.

परसल्फेट आणि आयोडाइडची अभिक्रिया घेऊ: S₂O₈²⁻ + 2I⁻ → 2SO₄²⁻ + I₂. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे मी सुटसुटीत ठेवलेत. संहती mol L⁻¹ मध्ये, दर १०⁻⁶ mol L⁻¹ s⁻¹ मध्ये आहे.

| ओळ | S₂O₈²⁻ | I⁻ | दर |
|---|---|---|---|
| १ | ०.०४ | ०.०८ | १६ |
| २ | ०.०४ | ०.०४ | ८ |
| ३ | ०.०६ | ०.०६ | १८ |

आधी दराचं समीकरण लिहा: दर = k[S₂O₈²⁻]ˣ[I⁻]ʸ. समीकरणात आयोडाइडपुढे २ आहे म्हणून y = २ धरायचा मोह होतो; तो टाळा. ऑर्डर प्रयोगातूनच कळते.

ओळ १ आणि २ मध्ये परसल्फेट तेवढंच आहे. आयोडाइड दुप्पट, दरही दुप्पट. म्हणजे २ʸ = २, y = १.

आता परसल्फेट. आयोडाइड सारखं असलेली जोडी इथे नाही. पण ओळ २ वरून ३ वर जाताना दोन्ही संहती १.५ पट होतात आणि दर १८ ÷ ८ = २.२५ पट होतो. म्हणून १.५ˣ × १.५ʸ = २.२५. y आपल्याला माहीत आहे, तेव्हा १.५ˣ = १.५ आणि x = १. एकूण ऑर्डर २.

आता k. ओळ २ मधून: ८ × १०⁻⁶ ÷ (०.०४ × ०.०४) = ५ × १०⁻³ L mol⁻¹ s⁻¹. एकाच ओळीवर थांबू नका, तिन्हींतून काढा. इथे प्रत्येकीतून हेच उत्तर येतं. y = २ धरला असता तर ओळ १ मधून ०.०६२५ आणि ओळ २ मधून ०.१२५ आला असता. k ओळीगणिक असा दुपटीने बदलला, की घातांक चुकला हे ओळखा.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांत थोडा फरक राहतोच. दुप्पट संहतीला दर १.९ पट आला तर ऑर्डर १ धरा; १.४ पट येत असेल तर मात्र अर्ध्या ऑर्डरचा विचार करा.

घातांक बरोबर असूनही एखाद्या ओळीचा k वेगळा पडला तर तापमान तपासा. एकदा मे महिन्यात आमचा शेवटचा k बराच जास्त आला. ती बाटली खिडकीतल्या उन्हात राहिली होती. सगळ्या बाटल्या पाण्याच्या एकाच टबात ठेवून पुन्हा मोजलं, तेव्हा तिन्ही k जुळले.