ऑफिसातल्या गप्पांतून सभासदांना नोटीस कशी काढावी

उदाहरणासाठी जुळे सोलापुरातली ४८ फ्लॅटची एक गृहनिर्माण सोसायटी घेऊ. तारीख ८ सप्टेंबर २०२५, वेळ संध्याकाळची. आदल्या दिवशीच कमिटीची मीटिंग झालेली आहे. ऑफिसात मॅनेजर, क्लार्कताई आणि वसुलीला फिरणारे मामा बसलेत.

मामा : बी दोनशेचारवाले पैसेच देईनात बघा. एप्रिलपासून. सात-साडेसात हजार तरी झाले असतील.
ताई : मध्ये दोन हजार दिलेत ना त्यांनी?
मामा : ते मागचे. फोन बी उचलत नाहीत. एकवीस टक्क्यानं व्याज लावा आणि नळ बंद करतो म्हणून लिहा, बरोबर येतील.
मॅनेजर : २१ तारखेला जनरल बॉडी आहे, तिथं काढू विषय.
ताई : २१ ला सर्वपित्री अमावास्या हाय साहेब, कोण येतंय? कमिटीत २८ ठरलंय.
मॅनेजर : बरं, २८. लिफ्टचं पण घ्या त्यात, चर्चा करू. नोटीस टाईप करा आणि ग्रुपवर टाका.

आता टाईप करायचं काम ताईंकडे आलं. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. हेच बोलणं जरा जड मराठीत घातलं, ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘तरी आपण’ अशी पेरणी केली की नोटीस झाली, असं समजलं जातं. पण नोटिशीला वजन शब्दांनी येत नाही. तिच्यातलं प्रत्येक वाक्य दप्तरातल्या कोणत्या पानावर उभं आहे, त्यावर ते ठरतं. ज्या वाक्याला पान सापडत नाही ते नोटिशीत जात नाही.

आधी बोलणं दोन ठिकाणी वाटा

या गप्पांत दोन वेगळ्या नोटिसा आहेत. सभेची नोटीस सगळ्या सभासदांना जाते. थकलेल्या बाकीची नोटीस फक्त बी-२०४ च्या सभासदाला जाते. दोन्ही एकाच कागदावर घातल्या, तर एका माणसाची बाकी ४७ घरांत वाचली जाते आणि सभेत लिफ्टऐवजी त्याचंच भांडण सुरू होतं. सभेच्या नोटिशीत कोणाच्याही फ्लॅटचा नंबर येऊ देऊ नका. वसुलीवर बोलायचं असेल तर ‘थकीत वर्गणीच्या वसुलीबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे’ एवढा विषय पुरे.

मग एकेक वाक्य दप्तराशी ताडा

‘एप्रिलपासून’ या शब्दासाठी सभासदाचं खातं उघडायचं. समजा १ एप्रिलला मागील बाकी शून्य आहे. दरमहा वर्गणी १,२०० रुपये आहे आणि ती त्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. एप्रिल ते ऑगस्ट अशी पाच महिन्यांची वर्गणी आलेली नाही, म्हणजे मुद्दल ६,००० रुपये. ताईंनी विचारलेले दोन हजार पावती पुस्तकात शोधले, तर पावती २८ मार्चची निघते आणि रक्कम मागच्या वर्षाच्या बाकीत जमा आहे. मामांचं बरोबर होतं, पण आता ते पावतीवरून बरोबर आहे. ती पावती एप्रिलनंतरची निघाली असती, तर मुद्दल चार हजारावर आलं असतं आणि ६,००० ची नोटीस सभासदाने पावतीसकट परत आणून टेबलावर ठेवली असती.

व्याजाचं बघा. ‘एकवीस टक्के’ हा आकडा मामांनी हवेतून काढलेला नाही. आदर्श उपविधीत उशिराच्या रकमेवर सरळव्याजाची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के दिली आहे. पण ती मर्यादा आहे, दर नव्हे. दर सर्वसाधारण सभा ठरवते. आपल्या उदाहरणात सभेने १८ टक्क्यांचा ठराव केलेला आहे, म्हणजे महिन्याला दीड टक्का, १,२०० रुपयांवर १८ रुपये. १५ सप्टेंबरपर्यंत एप्रिलची वर्गणी ५ महिने उशिरा आहे, मेची ४, जूनची ३, जुलैची २ आणि ऑगस्टची १. बेरीज १५ महिने, व्याज २७० रुपये. एकूण येणं ६,२७० रुपये. मामांचे ‘सात-साडेसात हजार’ इथेच गळून पडतात. व्याजावर व्याज कुठेही चढवायचं नाही.

‘नळ बंद करतो’ हे वाक्य सरळ खोडायचं. सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस हाच घराघरातला मोठा विषय असतो, त्यामुळे ही धमकी तोंडात पटकन येते. पण बाकी वसूल करायला सोसायटीने घराचं पाणी तोडायचं नसतं. असं वाक्य नोटिशीत लेखी गेलं, तर उद्या तोच कागद सोसायटीविरुद्ध तक्रारीला जोडला जातो. गृहनिर्माण संस्थांसाठी वसुलीचा रस्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ ब-२९ मध्ये आहे. निबंधकांकडे अर्ज करायचा, चौकशीनंतर ते वसुली दाखला देतात आणि त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्या अर्जाला खातेउतारा आणि आधी दिलेल्या नोटिशींच्या प्रती लागतात. म्हणून आज टाईप होणारा कागद उद्या उपनिबंधक कार्यालयात वाचला जाणार, हे धरूनच तो लिहायचा.

‘फोन उचलत नाहीत’ हा राग आहे, तो ऑफिसातच राहू दे. आणि ‘थकबाकीदार’ हा शब्द पहिल्या नोटिशीत टाळा. उपविधीत त्याला ठरावीक मुदतीचा अर्थ आहे आणि त्यावर निवडणुकीतली पात्रता अवलंबून असते. ‘आपल्याकडून येणे आहे’ एवढ्याने काम भागतं.

सभेची तारीख मागून मोजा

कमिटीच्या इतिवृत्तात २८ सप्टेंबर, रविवार असं आहे, पण वेळ लिहिलेली नाही. ती अंदाजाने घालू नका. सचिवांकडून लिहून घ्या. समजा त्यांनी संध्याकाळी ६ लिहून दिली.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, त्यामुळे पुढे ढकलायला जागा नाही. आदर्श उपविधीप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. विशेष सभेला पूर्ण ५ दिवस चालतात. ‘पूर्ण’ म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. २८ ची सभा असेल तर १४ ते २७ हे चौदा दिवस मोकळे राहिले पाहिजेत. म्हणजे १३ सप्टेंबरच्या शनिवारी रात्रीपर्यंत शेवटच्या घरी नोटीस पोचायला हवी. एक-दोन घरं बंद असणारच, म्हणून ११ लाच वाटप सुरू करा. तुमच्या सोसायटीचे मंजूर उपविधी जुने असतील तर मुदत त्यांतली पाहा.

विषयांच्या भाषेत एक खाच आहे. मॅनेजर म्हणाले, ‘चर्चा करू’. नोटिशीत ‘लिफ्टबाबत चर्चा करणे’ एवढंच गेलं आणि सभेत खर्च मंजूर झाला, तर एखादा जाणता सभासद उठून म्हणणार की विषय चर्चेचा होता, निर्णयाचा नव्हता. तो चूक नसतो. लिफ्ट ‘ऐनवेळच्या विषयात’ ढकलणं तर त्याहून वाईट. जे सभासद नोटीस वाचून ‘आपल्या कामाचं काही नाही’ म्हणत घरी राहिले, त्यांच्या पैशाचा निर्णय त्यांच्यामागे होतो.

हे सगळं धरून सभेची नोटीस अशी होते. वरचा लेटरहेडचा भाग सोडून दिला आहे.

> जावक क्र. ४१/२०२५-२६ दि. ११ सप्टेंबर २०२५
>
> वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस
>
> सर्व सभासदांना कळविण्यात येते की, व्यवस्थापक समितीच्या दि. ७ सप्टेंबर २०२५ च्या सभेतील ठरावानुसार संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. २८ सप्टेंबर २०२५ रोजी सायंकाळी ६ वाजता संस्थेच्या आवारात पुढील विषयांवर विचार करण्यासाठी होईल.
>
> १. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
> २. सन २०२४-२५ चा वार्षिक अहवाल व हिशेबपत्रके स्वीकारणे.
> ३. सन २०२५-२६ साठी लेखापरीक्षकाची नेमणूक करणे.
> ४. लिफ्ट दुरुस्तीसाठी आलेल्या कोटेशनवर विचारविनिमय करून खर्चास मंजुरी देण्याबाबत निर्णय घेणे.
> ५. थकीत वर्गणीच्या वसुलीबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.
> ६. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
>
> टीप : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सायंकाळी ६.३० वाजता होईल. त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.
>
> व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून,
> सचिव

ती टीप विसरू नका. आदर्श उपविधीत गणपूर्ती २० किंवा एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश, यांत जी संख्या कमी ती. आपल्या ४८ जणांत २० लागतात आणि रविवारी संध्याकाळी बरोबर सहाला २० माणसं खाली उतरणं अवघडच असतं. तहकूब सभेची वेळ नोटिशीत आधीच दिलेली नसेल, तर त्याच दिवशी सभा घेता येत नाही, किमान सात दिवस थांबावं लागतं. मग ३० सप्टेंबर हातचा जातो.

बाकीची नोटीस

> जावक क्र. ४२/२०२५-२६ दि. १६ सप्टेंबर २०२५
>
> विषय : सदनिका क्र. बी-२०४ ची येणे रक्कम भरणेबाबत
>
> महोदय,
> संस्थेच्या नोंदीनुसार आपल्या सदनिकेची एप्रिल ते ऑगस्ट २०२५ या पाच महिन्यांची वर्गणी जमा झालेली नाही. वर्गणी रु. ६,०००, त्यावर दि. १५ सप्टेंबर २०२५ पर्यंतचे द.सा.द.शे. १८ दराने सरळव्याज रु. २७०, एकूण रु. ६,२७० (अक्षरी रुपये सहा हजार दोनशे सत्तर फक्त) आपल्याकडून येणे आहेत. व्याजाचा दर दि. २९ सप्टेंबर २०२४ च्या सर्वसाधारण सभेच्या ठराव क्र. ६ नुसार आहे.
>
> ही रक्कम दि. १० ऑक्टोबर २०२५ पर्यंत भरून पावती घ्यावी. यातील काही रक्कम आपण भरली असल्यास पावतीची प्रत कार्यालयात दाखवावी. मुदतीत रक्कम न आल्यास संस्थेला कायद्यानुसार वसुलीची कार्यवाही करावी लागेल.
>
> सोबत : खातेउतारा
>
> सचिव

तयारी ताईंची असली तरी सही सचिवांची. वाक्यं मुद्दाम लहान ठेवली आहेत. आपल्याकडे एका जिन्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं असतात. ऑफिसातून कोणी तोंडी अर्थ सांगायला गेलं, तर तीन ओळींच्या वाक्याचा प्रत्येक दारात वेगळा अर्थ होतो.

पोच

ग्रुपवर फोटो टाकायला हरकत नाही, पण तेवढ्यावर नोटीस पोचली असं धरू नका. बटवडा वहीत जावक क्रमांक, फ्लॅट, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. बी-२०४ चे मालक पुण्याला असतील आणि घरात भाडेकरू असेल, तर मामा नक्की म्हणतील, ‘भाडेकरूकडं देऊन टाकतो.’ त्याला एक प्रत जरूर द्या, पण मूळ नोटीस सभासद नोंदवहीत, म्हणजे ‘आय’ नमुन्यात, जो पत्ता आहे तिथे पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. कोणी घ्यायलाच नकार दिला तर वहीत ‘घेण्यास नकार’ असा शेरा, वेळ आणि शेजारच्या एका सभासदाची साक्षीदार म्हणून सही घ्या, आणि त्याच दिवशी टपालानेही पाठवा. टपालाची पावती कार्यालयीन प्रतीच्या मागे चिकटवून ती प्रत त्या सभासदाच्या फायलीत लावा.