चौकोनातून अखंड उरेब पट्टी: गळ्या-मुंढ्याला लावताना या चुका टाळा

ब्लाउजचा गळा ८५ सेंटीमीटर आणि बिनबाहीचे दोन मुंढे प्रत्येकी ४२ धरले, तर १७० सेंटीमीटरच्या आसपास उरेब पट्टी, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली पट्टी लागते. ३० सेंटीमीटरच्या चौकोनातून ३ सेंटीमीटर रुंदीची पट्टी काढली तर साधारण पावणेतीन मीटर मिळते. जोडण्या पुरून वर थोडी उरतेही. ३० × ३० भागिले ३ असा हिशेब तीन मीटर दाखवतो, पण शिवणीत जाणारं कापड त्यात धरलेलं नसतं.

पहिली चूक पट्टी कापण्याआधीच होते. चौकोन फाडून किंवा धागा ओढून सरळ करून घ्यावा. कर्णावर दुमडल्यावर टोकं आणि कडा तंतोतंत जुळायला हव्यात. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने कापलेला चौकोन पुढे पट्टीला पीळ देतो, आणि तो इस्त्रीने जात नाही. नवं सुती कापड आधी भिजवून वाळवून घ्या.

आता समोरासमोरच्या वरच्या-खालच्या कडांवर खडूने ‘अ’, डाव्या-उजव्या कडांवर ‘ब’ लिहा आणि मगच कर्णावर कापा. ही खूण टाळली की हमखास भलत्याच कडा एकत्र येतात. दोन्ही त्रिकोण सुलट बाजू आतमध्ये ठेवून ‘अ’ला ‘अ’ लावून अर्धा सेंटीमीटर माया सोडून शिवा. त्रिकोणांची टोकं दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर निघायला हवीत. टोकाला टोक मिळवलं तर तिरप्या कडेवर पायरी पडते. शिवण उघडून दाबली की समांतरभुज आकार हातात येतो. त्याच्या उलट बाजूवर कर्णावर कापलेल्या तिरप्या कडेला समांतर, तीन-तीन सेंटीमीटरवर रेघा आखा. साधारण सात पट्ट्या बसतात. शेवटी अगदी बारीक चिंधी उरली तर ती कापून टाका, नाहीतर शेवटचा फेरा वेगळ्या रुंदीचा निघेल.

सर्वात जास्त कापड वाया जातं ते नळी करताना. ‘ब’ कडा एकमेकींना लावताना एक रेघ सरकवायची असते, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक पट्टीची रुंदी बाहेर लोंबते. न सरकवता जोडलं तर सलग पट्टीऐवजी सात सुट्या कड्या मिळतात. दुसरी गोष्ट, रेघा कडेवर नव्हे, टीप पडते तिथे, म्हणजे आत अर्ध्या सेंटीमीटरवर जुळवा. टाचणी एका रेघेतून त्या जागी खुपसून पलीकडच्या रेघेतून निघते का ते पाहायचं. नळी वाकडी, पिळलेली दिसते. ती तशीच असते. मग एका टोकाकडून रेघेवर गोल गोल कापत जा.

या आकाराच्या चौकोनात साधारण वीस सेंटीमीटरवर एकेक जोड येतो. पट्टी पूर्ण आत वळणार असेल तर चालतं, पण गळ्याच्या समोरच्या मध्यावर जोड येऊ देऊ नका. बाहेरून दिसणारा गोट लावायचा असेल तर ६० सेंटीमीटरचा चौकोन घेणं शहाणपणाचं. जोड दुपटीने दूर जातात.

गळ्याला लावताना पट्टी किती ओढायची, इथे बहुतेकांचं चुकतं. आत वळणाऱ्या पट्टीची टिपेकडची कड आखूड आणि सुटी कड लांब राहावी लागते, कारण ती मोठ्या घेरावर पसरते. म्हणून पट्टीला आधी वाफेच्या इस्त्रीने धनुष्यासारखा बाक द्या. मग खोल बाकावर पट्टी अगदी हलकी ताणा, सरळ भागावर अजिबात नाही. ८५ सेंटीमीटरच्या गळ्याला ८२-८३ पट्टी गेली तर ठीक. ताणायची पट्टी, गळा नव्हे; गळ्याच्या काठाजवळ आधीच एक टीप मारून ठेवली की तो मशीनखाली वाढत नाही.

टीप झाल्यावर माया ४ मिलिमीटर ठेवा आणि बाकावर सेंटीमीटरभर अंतराने चिरे द्या, टिपेच्या २ मिलिमीटर अलीकडेच थांबून. चिरे नसले की माया आत पसरत नाही आणि गळ्याला कोपरे दिसतात. गोट मात्र काठाला गुंडाळतो, माया आतच राहते. तिथे चिरे देऊ नका, उगाच काठ कमकुवत होतो. आत वळवण्याआधी माया पट्टीकडे ठेवून पट्टीवर दाबटीप मारली की पट्टी बाहेर डोकावत नाही.

मुंढ्याला खोल बाक काखेजवळ आणि पुढच्या भागात असतो. ताण तिथेच द्या, खांद्याकडे सोडा. पट्टीच्या दोन टोकांचा जोड काखेत, कुशीच्या शिवणीजवळ घ्या.

तयार गळा लाटांसारखा उठत असेल तर पट्टी सैल गेली किंवा गळाच वाढला. काठ आत ओढला जाऊन चुण्या पडत असतील तर पट्टी जास्त ताणली. दोन्हींत टीप उसवण्याला पर्याय नाही. पण तिरप्या सुरकुत्या असतील तर आधी फक्त पट्टीच्या आतल्या कडेची हातशिलाई उसवा: ती कड सरकलेली असण्याचीच शक्यता जास्त. इस्त्रीने बसवून पुन्हा शिवा. तरीही पीळ राहिला, तर चौकोनच वाकडा होता.